रबर फक्त रात्री लावलंत, तर रोज रात्री ठणकणारच

"ब्रेसेस दुखतात म्हणजे डॉक्टरांनी तार जास्त आवळली आहे. रबर फक्त रात्री लावा, दिवसा हिरड्यांना आराम द्या. दुखेल तिथे लवंगेचं तेल चोळा. पेनकिलर घेऊ नका, दात सरकायचे थांबतात."

हा फॉरवर्ड माझ्या चौदा वर्षांच्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने तो पाळलाही. म्हणून हे लिहितेय.

आधी तार. ती बसवल्यावर काही तासांनी दात ठणकायला लागतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरतं. चावताना सगळे दात हुळहुळणं हे नेहमीचंच. एकच दात न चावताही ठणकत असेल, सूज असेल किंवा आठवडा उलटूनही कमी होत नसेल, तर फोन करायचा.

खरा घोळ रबराचा आहे. भाचीचं रबर वरच्या सुळ्याच्या हुकातून खालच्या दाढेला जातं. डॉक्टरांनी जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर लावायला सांगितलं होतं. बाईसाहेब ते शाळेत जाताना काढायच्या. दात ताणाला जरा सरावले की ताण जायचा, आणि रात्री पुन्हा पहिला दिवस! दहा दिवस ती रोज रात्री कळवळत होती. वर भरपाई म्हणून एकदा दोन रबरं एकदम लावली. त्याने दात लवकर सरकत नाहीत, नुसता ताण दुप्पट होतो. मग सांगितल्याप्रमाणे सलग लावलं, रोज नवं घेतलं. चौथ्या दिवशी तिने आपणहून चपाती मागितली. तोवर खिचडी, दहीभात आणि गार ताक यांवर भागलं.

लवंगेचं तेल नुसतं चोळलं तर हिरडी पोळते. भाचीच्या हिरडीवर पांढरा चट्टा उठला होता. गाल घासून सोलला असेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. मग दातावर चिकटवलेला टोचणारा ब्रॅकेट कापसाने कोरडा करून ब्रेसेससाठी मिळणारं वॅक्स वाटाण्याएवढं त्यावर दाबा. ओल्यावर ते चिकटत नाही, आणि मुलं नेमकं हेच विसरतात.

पेनकिलरबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दात सरकवणाऱ्या रसायनांनाच आवर घालतात, त्यामुळे त्या आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत. पण पहिल्या एक-दोन दिवसांसाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात ब्रेसेसच्या दुखण्यावर वेदनाशामक उपयोगी ठरली, आणि पॅरासिटामॉल आयब्युप्रोफेनच्या गटातल्या गोळ्यांपेक्षा कमी पडतं असं काही दिसलं नाही. ॲस्पिरिन मात्र या वयात नको.

भाची आता रबराची पुडी कंपासपेटीत ठेवते. डबा खाऊन झाला की आरशाशिवाय लावते, दोन सेकंदांत.