दोन तासांची असाइनमेंट खरंच दोन तासांची असते का?

गेल्या आठवड्यात एका मित्राच्या मुलीला नोकरीसाठी 'घरी करायची असाइनमेंट' आली. ईमेलमध्ये दोन तास लागतील असं लिहिलं होतं. पोरगी शुक्रवारी संध्याकाळी बसली आणि रविवारी रात्री उठली. मला वाईट वाटलं, कारण चार वर्षांपूर्वी मीही उमेदवारांना हेच करायला लावत होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसाठी आम्ही हीटच्या, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढून ओतलेल्या धातूच्या नोंदी, रिजेक्शन, डिस्पॅच अशी सॉफ्टवेअर करतो. तेव्हा आमची असाइनमेंट एका ओळीची होती: 'डिस्पॅचसाठी छोटं ॲप करून पाठवा.' किती छोटं, हे लिहिलेलं नव्हतं. एका मुलाने लॉगिन, ग्राफ, पीडीएफ सगळं करून पाठवलं. दुसऱ्या एका मॅडमनी अर्धंच पाठवलं आणि खाली लिहिलं, 'सर, नोकरी करून, मुलगा झोपल्यावर साडेदहाला बसले, एवढंच झालं.' आम्ही मुलाला घेतलं.

तो मुलगा हुशार होता, मेहनतीही होता. पण आमच्याकडे नवीन ॲप लिहायची वेळ वर्षातून एखादवेळा येते. रोजचं काम म्हणजे कुणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहिलेला कोड उघडायचा, फाउंड्रीतून आलेली तक्रार समजून घ्यायची आणि बाकी काही न मोडता दुरुस्त करायचं. तिथे तो अडकायचा. आठ महिन्यांनी तो गेला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. आम्ही त्याची परीक्षा घेतली एका कामाची आणि नोकरी दिली दुसऱ्याच कामाची. त्या मॅडमच्या अर्ध्या कोडमध्ये मात्र चुका कशा पकडल्या हे नीट लिहिलं होतं. ते आम्ही वाचलंच नाही. ते मला अजून लागतं.

मोकळ्या असाइनमेंटमध्ये कौशल्याआधी रिकामा वेळ मोजला जातो. 'दोन तासच द्या' असं लिहून काही होत नाही. ज्याला नोकरी हवी आहे तो दहा तास देणारच. असाइनमेंटचा आकारच असा हवा की जास्त वेळ देऊन जास्त मार्क मिळू नयेत.

आता आम्ही कोरं पान देत नाही. तीनेकशे ओळींचा चालू कोड आणि एक SQLite फाइल देतो. डेटा बनावट असतो, गिऱ्हाइकाचं खरं काम कधीच नसतं. उमेदवाराने फुकट केलेलं काम आपण विकायचं, हे मला चोरीसारखं वाटतं. पूर्वी डेटाबेस बसवण्यातच लोकांचा तास जायचा. आता झिप उघडून एक कमांड दिली की चालू होतं.

सोबत सुपरवायझरची तक्रार: 'महिन्याचं रिजेक्शन 11 टक्के दाखवतंय. एवढं नाही आमचं.' समजायला सोपं म्हणून दोनच हीट घेऊ. एकीत 200 नग ओतले, 4 गेले, म्हणजे 2 टक्के. दुसरीत 20 नग ओतले, 4 गेले, म्हणजे 20 टक्के. कोडने या दोन टक्क्यांची सरासरी काढली, 11. खरं रिजेक्शन म्हणजे 220 मधले 8, साधारण 3.6 टक्के. कोडमध्ये असं असतं:

```
SELECT AVG(rejected * 100.0 / poured) FROM heats;
```

आणि हवं असतं असं:

```
SELECT SUM(rejected) * 100.0 / SUM(poured) FROM heats;
```

दुरुस्ती एका ओळीची आहे. पण ती ओळ शोधायची, हाच हिशोब आणखी कुठल्या रिपोर्टमध्ये वापरलाय ते बघायचं (दोन ठिकाणी असतो), दुरुस्ती तपासणारी एक टेस्ट लिहायची आणि सुपरवायझरला कळेल असं पाच ओळींत उत्तर द्यायचं. आमचं रोजचं काम हेच आहे.

वेळ ठरवायची आमची पद्धत साधी आहे. ज्याने हा कोड पाहिलेला नाही अशा आमच्याच एका सहकाऱ्याला घड्याळ लावून बसवतो. त्याला 45 मिनिटांपेक्षा जास्त लागली तर असाइनमेंट कापतो. त्याला आमची भाषा, हीट म्हणजे काय, पोअरिंग म्हणजे काय, हे ठाऊक असतं. बाहेरच्या माणसाला दुप्पट लागतो, आणि वर थोडी सवड. तेव्हा कुठे दोन तास हा आकडा खरा होतो. पाठवायला सात दिवस देतो, म्हणजे पाळीत काम करणाऱ्यालाही एखादी सुट्टी सापडते. अर्ज केलेल्या सगळ्यांना असाइनमेंट देत नाही. आधी वीस मिनिटं फोनवर बोलतो, पगार तिथेच सांगतो, मग शेवटच्या चौघांनाच देतो. पाठवणाऱ्या प्रत्येकाला, निवड होवो न होवो, 1500 रुपये देतो. पैसे द्यायला लागल्यापासून आपोआप चौघांपलीकडे कुणाला असाइनमेंट पाठवत नाही, हा फायदा आमचाच.

मार्क कशाला, हे एकही फाइल उघडण्याआधी लिहून ठेवतो. मूळ कारण सापडलं का, दुसरं ठिकाण पाहिलं का, टेस्ट, आणि सुपरवायझरला लिहिलेलं उत्तर. प्रत्येकी शून्य ते तीन. सजावटीला, जादा फीचरला काही नाही, आणि हे उमेदवारालाही आधीच कळवतो. नावं काढून आम्ही दोघं वेगवेगळे तपासतो. फरक दोन मार्कांचा असेल तरच बोलतो.

पण माझ्या मते निम्मी परीक्षा यानंतरच्या चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत असते. कामाच्या नमुन्यावरून, म्हणजे अशा असाइनमेंटवरून, पुढचं काम किती ओळखता येतं, याचा आकडा श्मिट आणि हंटर या संशोधकांनी 1998 मध्ये 0.54 दिला होता. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशोब पुन्हा तपासला, तेव्हा तो 0.33 वर आला आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत 0.42 ने सर्वांत वर गेली. म्हणून आम्ही दोन्ही जोडतो. उमेदवार स्वतःचाच कोड उघडतो आणि आम्ही प्रत्येकाला एकच नवी मागणी सांगतो: 'फाउंड्रीचा दिवस सकाळी सातला सुरू होतो. रात्री दोनची हीट आदल्या दिवसात धरा.' दुसऱ्या कुणी लिहून दिलेला कोड असेल तर इथे पाच मिनिटांत कळतं.

मागच्या वर्षी गडहिंग्लजकडची एक मुलगी होती. कागदावर बारापैकी सात, चौघांत तिसरी. मागणी ऐकून तिने कीबोर्डला हात लावला नाही. विचारलं, 'सर, 31 तारखेच्या रात्री दोनची हीट म्हणजे कॅलेंडरने पुढच्या महिन्याची एक तारीख. मग महिन्याच्या रिपोर्टलापण हाच नियम लावायचा ना?' बाकी तिघांनी दिवस बदलला, महिना तसाच ठेवला. आम्ही तिला घेतलं. आज फाउंड्रीवाले फोनवर आधी तिलाच मागतात.

एका मुलीवरून पद्धत सिद्ध होत नाही, हे मला कळतं. आम्ही यातून पाचच जण घेतलेत, आणि ज्यांना घेतलं नाही ते कसे निघाले असते हे कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येकाचे चारही मार्क जपून ठेवतो आणि वर्षाने त्याच्या कामाशी ताडून बघतो. आतापर्यंत सुपरवायझरला लिहिलेल्या उत्तराचे मार्क कामाशी सर्वांत जास्त जुळलेत, टेस्टचे सर्वांत कमी.

रिजेक्शनच्या सरासरीचा हा बग आता कॉलेजच्या ग्रुपवर फिरायला लागलाय, त्यामुळे तो बदलतोय. नव्यात वेल्डिंग करून वाचवलेलं कास्टिंग रिजेक्शनमध्येही मोजलं जातं आणि डिस्पॅचमध्येही. शनिवारी सहकाऱ्याला घड्याळ लावून बसवलं, 70 मिनिटं लागली. म्हणजे अजून कापायची आहे. दुसरा रिपोर्ट काढून टाकतोय.