आबांचं "बरं"

सकाळी आमच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, "आईवडिलांना कसलं सॉरी म्हणायचं, ते मनात ठेवत नाहीत." वाचून डोकंच सणकलं. ठेवतात हो मनात. आपल्याला दाखवत नाहीत, एवढंच.

गुरुवारी रात्री फोनवर माझं आबांशी कडाक्याचं भांडण झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख त्यांनी परस्पर रद्द केली. का केली, विचारतेय तर त्यांचं आपलं "काय? काय म्हणालीस?" चौथ्या "काय?"ला मी किंचाळले, "जाऊ द्या आबा, तुमच्याशी बोलण्यात अर्थच नाही!" तेवढं मात्र बरोब्बर ऐकू गेलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन दिवस ते "बरं" डोक्यातून जाईना. मान्य, आबा हट्टी आहेत, तारीख रद्द करायला नकोच होती. पण ऐकू न येणाऱ्या माणसावर ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं, ही कुठली रीत?

रविवारी पहिल्या एसटीने वाई गाठली. पिशवीत कानाच्या मशीनचे नारिंगी पट्टीचे, १३ नंबरचे सेल होते. आधी मशीन हातात घेतलं. कानात बसणाऱ्या साच्याचं भोक मळाने बुजलेलं, नळीत पाण्याचा थेंब अडकलेला. साचा नळीसकट सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुतला, नळीत फुंकून पाणी काढलं. मशीनला पाणी लावायचं नसतं.

मग सेल. आबा रात्री सेल काढून त्याची पट्टी परत चिकटवून ठेवायचे, तेवढाच वाचतो म्हणून! पट्टी निघाली की सेलमध्ये हवा शिरते आणि तो झिजायला लागतो, मग मशीन वापरा नाहीतर ठेवून द्या. माझे पैसे वाचवत होते हो ते. आणि मी त्यांच्यावर ओरडले.

नवीन सेलची पट्टी काढली, दोन मिनिटं हवा लागू दिली, मग बसवला. फोन कुठे धरायचा तेही दाखवलं. आबा नेहमीसारखा कानाच्या भोकाशी धरायचे, आणि तिथे तर साच्याचं बूच. मशीनचा माइक असतो कानाच्या मागे, वरच्या बाजूला. फोन जरा वर सरकवून तिथे धरायला हवा. इतकी वर्षं हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग परसात जाऊन फोन लावला. हळू आवाजात म्हटलं, "आबा, गुरुवारी चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "ऑपरेशनला मशीन काढायला लावतील. डॉक्टर इकडे बघा, हलू नका म्हणतील, मला कळायचं नाही. म्हणून नको म्हटलं बाई. गुरुवारी हेच सांगत होतो."