स्क्वॉट खोल, पण पोटरीच्या रेप अर्ध्या का? एका तक्रारीला जिमच्या मालकाचं उत्तर

«दोन स्टार. इथे येण्याआधी मी १०० किलोने ८ स्क्वॉट मारायचो. पहिल्याच दिवशी ट्रेनरने प्लेट काढून ६० वर आणलं. कारण काही सांगितलं नाही, फक्त ‘खाली जा, अजून खाली’. दोन महिन्यांनी जुन्या पद्धतीने १०० लावून पाहिले तर ६ च निघाले. म्हणजे ताकद कमी झाली. आणि पोटऱ्यांच्या वेळी हेच ट्रेनर अर्ध्या रेप मारायला लावतात. एकदा पूर्ण, एकदा अर्ध्या. आधी आपसात ठरवा. कार्डाचा फोटो जोडला आहे.»

नमस्कार. जिम माझी आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो.

कारण न सांगता बारवरच्या प्लेट काढल्या, ही आमची चूक. ज्याने वर्षभर घाम गाळून तो आकडा कमावला, त्याला पाच मिनिटं बसवून समजावायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण वजन उतरवलं ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं, आणि का ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न अनेकांच्या मनात असतो.

पहिल्या दिवशीच्या तुमच्या रेप मी काउंटरवरून पाहिल्या होत्या. गुडघा साधारण ६० अंश वाकायचा आणि तिथून तुम्ही परत वर यायचात. मांडी जमिनीला समांतर व्हायला अजून बरंच खाली जायचं बाकी असायचं. आता स्क्वॉटमध्ये वजन किती ‘जड’ लागतं हे फक्त प्लेटवर ठरत नाही. बारच्या सरळ रेषेपासून गुडघा किती पुढे गेला आणि नितंब किती मागे गेले, यावरही ते ठरतं. मांडीचं हाड ४२ सेंटीमीटर धरू. तुमच्या जुन्या खोलीवर मांडी उभ्या रेषेपासून जेमतेम ३५ अंश कललेली असायची, म्हणजे गुडघा आणि खुबा यांच्यातलं आडवं अंतर सुमारे २४ सेंटीमीटर. मांडी समांतर झाली की तेच अंतर पूर्ण ४२ होतं. १०० ला २४ ने गुणा, २,४०० येतात. ६० ला ४२ ने गुणा, २,५२० येतात. हा हिशोब ढोबळ आहे, वेग धरलेला नाही आणि तुमच्या स्वतःच्या शरीराचं वजनही नाही, जे खाली गेल्यावर आणखी भर घालतं. तरी एवढं त्यातून दिसतं की तळाशी ६० किलो असताना गुडघा आणि खुबा मिळून जो भार पेलतात, तो वरच्या १०० किलोपेक्षा कमी नाही. पाठीवरचं ओझं कमी झालं, मांडीचं नाही.

दुसरी गोष्ट स्नायूच्या लांबीची. खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचा स्नायू ताणले जातात, आणि ताणलेल्या अवस्थेत भार पेलणं हे स्नायू वाढण्याचं मोठं कारण दिसतं. २०१३ साली १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला होता. एका गटाने गुडघा १२० अंशांपर्यंत वाकवून खोल स्क्वॉट केले, दुसऱ्याने फक्त ६० अंशांपर्यंत, अर्थातच जास्त वजनाने. मांडीचा पुढचा भाग खोल जाणाऱ्यांचा जास्त वाढला. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात १० आठवडे ९० अंशांचे आणि १४० अंशांचे स्क्वॉट घेतले, आणि तिथे मांडीचा पुढचा भाग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच वाढला. फरक पडला तो नितंब आणि मांडीच्या आतल्या बाजूला, तिथे खोलवाले पुढे होते. मी या दोन्हींचा अर्थ असा लावतो की प्रत्येकाने बूड टाचेला टेकवलंच पाहिजे असं नाही. ९० अंशांपर्यंत गेलात तरी मांडीचं बरंचसं काम होतं. ६० वर थांबलात तर मात्र जो भाग सगळ्यात कामाचा, तोच वगळला जातो.

आता त्या ६ रेपबद्दल, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो मला कळतो.

ताकद ज्या कोनात कमावली जाते, त्याच कोनाच्या आसपास ती सगळ्यात जास्त दिसते. त्या २०१३ च्या अभ्यासातही उथळ स्क्वॉटवाल्यांची उथळ स्क्वॉटमधली ताकद भरपूर वाढली, पण त्यांना खोल स्क्वॉट करायला लावल्यावर वाढ अगदी थोडी दिसली. खोलवाल्यांची ताकद दोन्हीकडे वाढली. तुम्ही दोन महिने पाठीवर १०० किलो घेतलेच नाहीत. एवढं वजन रॅकमधून काढून घेणं, पोट घट्ट धरून उभं राहणं, त्या ठरावीक टप्प्यात जोर लावणं, हाही सराव असतो आणि तो सुटला की एक-दोन रेप जातात. त्याच काळात तुमच्या कार्डावर (फोटो तुम्हीच टाकला आहे म्हणून आकडे लिहितो) खोल स्क्वॉट ६० किलोच्या ८ रेपवरून ७५ किलोच्या ८ रेपवर आलेला आहे. एकाच माणसाची एका कोनातली ताकद थोडी उतरली आणि दुसऱ्या कोनातली चांगली वाढली. नुसत्या १०० च्या सेटवर पाहिलंत तर घट दिसणारच.

मात्र हा ७५ चा आकडाही मी डोळे मिटून मानत नाही. कार्डाच्या कडेला ट्रेनरने पेन्सिलने लिहिलेलं फोटोत दिसतं: ‘७५, शेवटच्या ३ वर.’ म्हणजे शेवटच्या तीन रेप पहिल्या पाचांइतक्या खाली गेल्या नाहीत. वजन वाढत जातं तशी खोली नकळत कमी होते, सगळ्यांचीच होते, आणि करणाऱ्याला ते आतून अजिबात जाणवत नाही. ते ओळखायला बाजूने व्हिडिओ घ्यावा आणि मांडी जिथे कमरेला दुमडते ती घडी गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली जाते का, ते पाहावं. किंवा मागे ठरावीक उंचीचा बॉक्स ठेवून प्रत्येक रेपला त्याला हलकं टेकायचं, बसायचं नाही. टेकला नाहीत तर ती रेप मोजायची नाही. या मापाने तुमचा खरा आकडा ७० किलो ८ रेप असावा असा माझा अंदाज आहे. तीही दोन महिन्यांत १० किलोंची वाढ आहे.

आता पोटऱ्या. इथे आम्ही आपलंच म्हणणं खोडतोय असं वाटणं साहजिक आहे, कारण आम्ही सगळीकडे नुसतं ‘पूर्ण’ आणि ‘अर्धं’ एवढंच बोलतो. अर्धं म्हटल्यावर कोणतं अर्धं, हे सांगतच नाही. तुमचा स्क्वॉट वरचा अर्धा होता, स्नायू आखडलेला असतानाचा. पोटरीला ट्रेनर जे करायला लावतात ते खालचं अर्धं, स्नायू ताणलेला असतानाचं. दोन्हींना अर्धी रेप म्हणतात, पण स्नायूच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पायरीवर पंजा ठेवून टाच खाली सोडली की पोटरी पूर्ण ताणली जाते. गुडघा सरळ असेल तर आणखी, कारण पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून येतो. टाच उचलत अगदी चवड्यावर आलात की तोच स्नायू इतका आखूड होतो की त्याच्यात जोरच उरत नाही. त्यामुळे पूर्ण रेप मारताना सेट संपतो तो वरच्या टोकाला दम संपल्यामुळे. खालच्या अर्ध्यात अजून बरंच बळ शिल्लक असतं, ते वापरलंच जात नाही. २०२३ मध्ये तरुण स्त्रियांवर ८ आठवड्यांचा अभ्यास झाला: एक गट पूर्ण रेप, एक फक्त खालच्या अर्ध्या, एक फक्त वरच्या अर्ध्या. पोटरीच्या आतल्या बाजूची जाडी खालच्या अर्ध्यावाल्यांची सुमारे १५ टक्के वाढली, पूर्णवाल्यांची सुमारे ७, आणि वरच्या अर्ध्यावाल्यांची ३ च्या आसपास. वरच्या अर्ध्या रेप सगळ्यात मागे राहिल्या, आणि तुमचा जुना स्क्वॉट त्याच जातीचा होता.

हे आकडे एका स्नायूचे आणि नवशिक्यांचे आहेत, त्यामुळे यावरून सगळेच व्यायाम खालच्या अर्ध्यात मारा असं मी कुणाला सांगणार नाही. सरावलेल्या लोकांच्या हात-पाठीवर नंतर झालेल्या कामात खालच्या अर्ध्या आणि पूर्ण रेप जवळपास बरोबरीत सुटल्या. आणि स्क्वॉटमध्ये तर नुसतं तळाशी राहून रेप मारणं मला पटतच नाही. श्वास घ्यायला जागा मिळत नाही, कंबर लवकर गोल होते, आणि अडकलात तर बार घेऊन वर येणं जड जातं. शिवाय स्क्वॉटमध्ये सगळ्यात कठीण जागा खालीच असते, त्यामुळे पूर्ण रेपमध्येच ताणलेल्या स्नायूवर भरपूर भार येतो. पोटरीत तसं होत नाही, म्हणून तिथली पद्धत वेगळी: आधी १० पूर्ण रेप, आणि टाच वरपर्यंत जाईनाशी झाली की तिथेच न थांबता खालच्या अर्ध्यात आणखी ५. प्रत्येक वेळी तळाशी एक सेकंद थांबायचं. उसळी मारली तर पोटरीचं काम टाचेमागच्या शिरेकडे जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच दुखते.

वरच्या अर्ध्या रेपनाही जागा आहे, आणि ती आम्ही तुमच्यासाठी ठेवली नाही, ही दुसरी चूक. बेंच प्रेसमध्ये ज्याचा बार शेवटच्या चार बोटांवर अडकतो त्याला तेवढ्याच टप्प्याचा सराव उपयोगी पडतो. तुमच्यासाठी १०० हा आकडा महत्त्वाचा आहे, तर तो सोडून द्यायची काहीच गरज नव्हती.

तुमची मेंबरशिप चालू असेपर्यंत असं करूया. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट. दोन्ही दिवशी आधी बॉक्सला टेकून ७० किलोचे ८ रेपचे ३ सेट, तळाशी टाच उचलली जात असेल तर टाचेखाली पातळ प्लेट. त्यातल्या एका दिवशी, हे झाल्यानंतरच, रॅकच्या पिना तुमच्या जुन्या खोलीच्या जरा खाली लावून १०० चे ५ रेपचे २ सेट. क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर थकलेल्या पायांनी खोली आधी जाते. मांडीचा घेर आजच मोजून घ्या, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर, सकाळी, व्यायामाआधी, आणि ८ आठवड्यांनी त्याच जागी परत. पहिल्या सेटला मी स्वतः मागे उभा राहतो. कोणत्या वेळी येताय तेवढं काउंटरवर सांगून ठेवा, रॅक मोकळा ठेवतो.