तीस आले, अकरा गेले: शिफारस योजनेवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

«शिफारस करणाऱ्याला रोख देऊ नका, सवलत नव्याने येणाऱ्याला द्या, असं तुम्ही लिहिता. फुकटात कोण कशाला आपल्या ओळखी खर्च करील? माझ्या क्लासमध्ये १२० मुलं होती. नवा प्रवेश आणणाऱ्या पालकाला मी एका महिन्याच्या फीएवढी रक्कम त्याच दिवशी हातात दिली. वर्षभरात ३० प्रवेश झाले. त्यातले ११ तीन महिन्यांत गेले, पण गळती सगळीकडेच असते. आता बायकोच्या दवाखान्यातही हेच सुरू करतोय. तुमचा लेख पुस्तकी वाटला.»

नमस्कार. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. पैसे दिले की शिफारशी वाढतात, यात वाद नाही. जेमतेम तोंडओळख असलेल्या माणसापर्यंत पोचायचं असेल तर बक्षीस चांगलंच कामाला येतं, कारण तिथे आपणहून तोंड उघडायला दुसरं काही कारण नसतं. लेखात मी हे उडवून लावल्यासारखं लिहिलं, ती माझी चूक.

पण «गळती सगळीकडेच असते» हे वाक्य मला पटत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

एका जर्मन बँकेच्या सुमारे १०,००० ग्राहकांचा जवळपास तीन वर्षं माग काढलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून आलेले ग्राहक बँक सोडून जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी निघाली. गंमत म्हणजे ती बँकही आणणाऱ्याला रोखच देत होती, म्हणजे हा दाखला तुमच्या बाजूनेही वापरता येईल. मला त्यातून वेगळं दिसतं. ओळखीतून आलेला माणूस जास्त टिकायला हवा. सांगणाऱ्याला क्लासही माहीत असतो आणि समोरचं मूलही, त्यामुळे जोडी जमेल की नाही हे त्याने आधीच तोललेलं असतं. हे तोलणं हीच शिफारशीची खरी किंमत. तुमचे ३० पैकी ११ गेले. बोर्ड बघून किंवा चौकशी करून थेट आलेल्यांतलेही साधारण तेवढ्याच प्रमाणात गेले असतील, तर तुमच्या योजनेत माणसं आली पण तोलणं आलं नाही. आणि थेट आलेल्यांपेक्षा जास्त गेले असतील, तर पैशाने ते तोलणं बिघडवलं.

हे तपासायला अर्धा तास पुरतो. ३० नावं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर आणणाऱ्याचं नाव, आणि गेलेल्या ११ वर खूण. पंधरा-वीस वेगवेगळ्या पालकांनी एक-दोन मुलं आणलेली असतील तर ठीक. पण तीन-चार नावंच पुन्हापुन्हा दिसली आणि बहुतेक खुणा त्यांच्यासमोरच पडल्या, तर ते आता पालक राहिलेले नाहीत, तुमचे एजंट झालेत. मी ज्या एका क्लासचं काम पाहत होतो तिथे नेमकं हेच निघालं. एका गृहस्थांनी आणलेल्या मुलांपैकी निम्मी चुकीच्या इयत्तेच्या बॅचमध्ये बसली होती. विचारायची तसदी कोण घेणार? रक्कम तर पहिल्याच दिवशी मिळत होती.

त्याच कागदावर आणखी एक रकाना करा: योजना नसती तरी हा आला असता का? धाकटी भावंडं आणि आधीच चौकशी करून गेलेली मुलं यात येतात. समजा अशी ८ निघाली, आणि ती सगळी टिकली. मग योजनेमुळे खरोखर नव्याने येऊन टिकलेले ११ च उरतात, आणि तुम्ही वाटलीत ३० महिन्यांची फी. म्हणजे टिकलेल्या प्रत्येक नव्या मुलामागे पावणेतीन महिन्यांची. रिकाम्या बाकांवर ही मुलं बसली असतील तर हाही तोटा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यांच्यासाठी नवी बॅच आणि नवे शिक्षक लागले असतील तर गणित एकदम बदलतं.

आता योजना कशी बदलाल. मोडीत काढू नका, फक्त पैसे कधी आणि कुठल्या रूपात द्यायचे ते बदला. नव्या मुलाला दोन तास विनामूल्य बसू द्या आणि पहिल्या महिन्याची फी अर्धी करा. त्याने चौथ्या महिन्याची फी भरली की आणणाऱ्या पालकाच्या पुढच्या फीतून अर्धा महिना वजा करा, रोख देऊ नका. वर्षात एका घराला तीनच वेळा. एवढ्याने एजंट आपोआप गळतात, कारण त्यांना चार महिने थांबायचं नसतं. दुसरा फायदा असा की मैत्रिणीने «तुला यात काय मिळतं?» विचारलं तर आईला सरळ सांगता येतं, «तुला पहिला महिना अर्ध्यात, मला तू टिकलीस तर थोडी सूट.» जी गोष्ट लपवावी लागते ती जवळच्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून रोख बक्षिसावर दूरचेच लोक येतात.

आणि खरं सांगू का, «फुकटात कोण सांगेल?» याचं उत्तर पैशात कमी आणि नेमकेपणात जास्त आहे. पालक शिफारस करत नाहीत कारण कोणाला करायची हेच त्यांना सुचत नाही. «कोणी असेल तर सांगा» ऐकून डोळ्यांसमोर एकही चेहरा येत नाही. «अपूर्णांकात अडकलेलं, पण विचारायला लाजणारं सातवीतलं मूल माहीत असेल तर पाठवा, दहावीची तयारी आमच्याकडे होत नाही» असं म्हटलं की चेहरा येतो. हाच मजकूर दोन ओळींचा करून पालकांना पुढे पाठवायला द्या. तोही प्रवेशाच्या दिवशी नको, तेव्हा त्यांनाच तुमची खात्री नसते. चाचणीचे गुण सुधारून आल्यावर पालक आपणहून चांगलं बोलतात, त्याच आठवड्यात द्या.

दवाखान्याचं मात्र कृपा करून थांबवा. रुग्ण आणण्याबद्दल मोबदला देणं अनेक देशांच्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे, वहिनींच्या नोंदणीवर बेतू शकतं. नियम बाजूला ठेवला तरी एक अडचण उरतेच, जी क्लासमध्ये नसते. तुम्ही शेजाऱ्याला बक्षीस दिलंत, की त्याने पाठवलेला माणूस डॉक्टरकडे येऊन गेला हे त्याला कळलं. कदाचित त्या माणसाला ते कळू द्यायचं नसेल. नुसता «तुमचे मित्र आले होते, आभार» असा निरोपही तेच करतो. तिथे नोंदवहीत «कोणी सुचवलं?» एवढंच विचारा, तेही फक्त मोजण्यासाठी, आणि सांगायचं नसेल तर रकाना कोरा सोडा. वेळ द्यायचाच असेल तर उपचाराच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला एक फोन करा: दुखणं कमी झालं का, औषधाचा त्रास होतोय का. लोक घरी जाऊन सांगतात ते या फोनबद्दल.

तो कागद भरलात तर ११ खुणा कोणाकोणासमोर पडल्या ते इथे जरूर लिहा. त्या सगळीकडे विखुरलेल्या निघाल्या, तर दोष योजनेत नाही, पहिल्या तीन महिन्यांच्या शिकवण्यात शोधावा लागेल, आणि मग वरचा बराचसा मजकूर तुमच्यापुरता मी मागे घेईन.