उरलेलं सोयाबीन बियाणं पुढच्या खरिपात खपत नाही

“मे महिन्यातच दुप्पट माल भरून ठेवा, ऐन हंगामात काही मिळत नाही. बियाणं उरलं तर मुदत वाढवून घ्यायची, पुढच्या वर्षी विकायचं. खताला तर एक्स्पायरीच नसते.”

कृषी सेवा केंद्रवाल्यांमध्ये हा सल्ला फिरतोय. नवीन परवाना घेतलेली मुलं त्यावर विसंबून उधारीवर माल उचलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण मराठवाड्यातल्या सोयाबीनचं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

आधी मुदतीचं. बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात, बॅग दुकानात आली त्या दिवसापासून नाही. टॅगवर चाचणी 12 मार्चची असेल तर बियाणं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाद झालं. म्हणजे जुलैत उरलेली बॅग पुढच्या जूनपर्यंत पोहोचतच नाही. मुदतवाढ मिळते, ती सहा महिन्यांची, पण त्यासाठी लॉटचा नमुना पुन्हा तपासून उगवण प्रमाणात बसावी लागते. ते काम उत्पादक कंपनीचं किंवा प्रमाणीकरण यंत्रणेचं. दुकानदाराने टॅगवर टॅग चिकटवला तर तो गुन्हा आहे.

आणि सोयाबीन त्या चाचणीत टिकेल ही आशाच मुळात खोटी. किमान उगवण 70 टक्के लागते. त्याचं टरफल पातळ, अंकुर टरफलाला लागूनच. पोतं आपटलं तरी मार बसतो, आणि पावसाळ्यात दाणा हवेतली ओल ओढतो. मार्चमध्ये 76 टक्के असलेला लॉट पावसाळा गोदामात काढून पुढच्या मे महिन्यात 70 च्या वर राहिला तर नवल समजा. बरं, बाद बॅग आडतीवर धान्य म्हणून घालावी, तर बुरशीनाशक लावलेलं बियाणं ना तेलाला चालतं ना जनावराला. बॅग अडीच हजारांची धरली तर शंभर बॅगांचे अडीच लाख तिथेच बुडाले.

“दुप्पट” हा आकडा मागच्या विक्रीवरून काढतात, ते चूक. सोयाबीन हे सरळ वाण, शेतकरी घरचं बियाणं राखतो. तुमच्याकडे किती गिऱ्हाईक येईल हे ठरतं मागच्या ऑक्टोबरवर. काढणीत परतीचा पाऊस लागला की घरचं बियाणं खराब होतं आणि दुकानावर गर्दी होते. 2019 च्या काढणीला पाऊस होता, आणि 2020 च्या खरिपात राज्यभर न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. अशा वर्षी मागणी वाढते हे खरं, पण कंपनीचं बियाणंही त्याच पावसात भिजलेल्या पिकातलं असू शकतं. म्हणून तेव्हा माल जास्त घेण्याआधी टॅगवरची तारीख बघा आणि लॉटमागे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. सहा-सात दिवसांनी सत्तरपेक्षा कमी चांगले कोंब दिसले तर तो लॉट विकू नका, कंपनीला लगेच लेखी कळवा.

समजा तुमची विक्री तीनशे बॅगांची आहे आणि ऑक्टोबर कोरडा गेला. मग मेअखेर पावणेदोनशे घ्या, त्याही तुमच्या भागात चालणाऱ्या दोन वाणांच्या. उरलेल्या बॅगा पहिल्या पेरणीयोग्य पावसानंतर, गावात कोणतं वाण मागतात ते बघून मागवा. माल उरतो तो बहुतेकदा एकूण जास्त झाला म्हणून नाही, चुकीचं वाण भरलं म्हणून. परत घ्यायची अट बिलावर लिहून घ्या: सीलबंद बॅग, अमुक तारखेपर्यंत. पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत लांबला तर शेतकरी तुरीकडे, मक्याकडे वळतो. सोयाबीनची थप्पी तेव्हा परत पाठवता आली पाहिजे.

हंगामात माल मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. विशेषतः गाजलेल्या वाणाची. त्यासाठी आगाऊ नोंदणी करा, पण सगळा माल गोदामात आणून ठेवायची गरज नाही.

खताबद्दलचं अर्धं खरं. युरिया, डीएपीला बियाण्यासारखी मुदत नाही. पण रायझोबियमसारख्या जिवाणू खताला आहे, आणि पाकीट उन्हात पडलं तर तारखेआधीच जिवाणू मरतात. युरियाला एक टक्क्याच्या वर ओलावा चालत नाही. भिंतीला टेकलेल्या, थेट फरशीवरच्या गोण्या पावसाळ्यात दगड होतात, आणि शेतकरी ती गोणी घेत नाही. खालून लाकडी फळ्या, भिंतीपासून हात सुटेल एवढी जागा, आणि जुनी गोणी आधी बाहेर. त्यातून पॉस मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला पाहिजे. तपासणीत फरक निघाला तर परवान्यावर येतं.

एक शेवटचं. बियाणं आणि खत एकाच खोलीत ठेवू नका. सोयाबीनची थप्पी चार-पाच बॅगांच्या वर नेऊ नका, आणि हमालाला सांगा, बॅग खांद्यावरून टाकायची नाही, उतरवून ठेवायची.