हळदीच्या व्हिडिओवर अब्रुनुकसानीची नोटीस

आज दुपारी भाचा कोर्टात माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. हातात वकिलाची नोटीस. "मावशी, मला अटक होणार काय?"

पोराचा गुन्हा काय, तर हळद पावडरीचं एक पाकीट आणलं, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात चमचाभर टाकलं, पाणी लगेच गडद पिवळं झालं म्हणून भेसळीची शंका घेतली, आणि त्याचा मोबाईलवर व्हिडिओ करून टाकला. सांगलीत राहून हळदीबद्दल बोलायचं नाही तर कुठं बोलायचं? कंपनी म्हणते सात दिवसांत व्हिडिओ काढा, माफी मागा, नाहीतर पन्नास लाख भरा. पन्नास लाख! ज्याच्या गाडीचे हप्ते अजून फिटायचेत त्याच्याकडून! हा आकडा वसुलीसाठी लिहीतच नाहीत, घाबरवण्यासाठी लिहितात.

आधी अटकेचं सांगते, कारण घरात रडारड त्यावरूनच चालली आहे. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, हे खरं. पण तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. कंपनीला मॅजिस्ट्रेटकडे खाजगी फिर्याद द्यावी लागते, आणि नव्या प्रक्रियेत दखल घेण्याआधी पोराचं म्हणणं ऐकावं लागतं. पोलीस उठून दारात येत नाहीत.

मग मी व्हिडिओ पाहिला, आणि राग भाच्यावरही आला.

पाणी पिवळं झालं, हे त्यानं दाखवलं ते ठीक. "मला हा रंग संशयास्पद वाटतो" एवढ्यावर थांबला असता तर ते मत होतं, आणि समोर दिसणाऱ्या गोष्टीवरचं प्रामाणिक मत कायदा बऱ्यापैकी सांभाळतो. पण हा पुढं म्हणतो, "यात केमिकल रंग मिसळलाय, मालक लोकांना विष खाऊ घालतोय." हे मत राहिलं नाही, हा आरोप झाला. तो खरा आहे हे आता त्यानं सिद्ध करायचं. पाण्याच्या ग्लासानं ते होत नाही. ती घरगुती चाचणी शंका घ्यायला पुरते. कोणता रंग, किती, हे प्रयोगशाळाच सांगते. त्यात यानं बिल टाकून दिलेलं, पाकिटावरचा बॅच नंबर व्हिडिओत दिसत नाही, आणि उरलेली हळद त्याच्या आईनं आमटीत संपवली. आता तपासायचं काय?

रस्ता होता हो! अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. तो अहवाल हातात घेऊन बोलला असता तर नोटीस पाठवणाऱ्यानं दहादा विचार केला असता. 2025 मध्ये प्रोटीन पावडरच्या एका कंपनीनं यूट्यूबवाल्यांवर दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं व्हिडिओ काढण्याचा अंतरिम हुकूम नाकारला, कारण त्यांच्यामागं प्रयोगशाळेचे अहवाल होते. उलट 2020 च्या जानेवारीत खोबरेल तेलाच्या व्हिडिओवर मुंबई उच्च न्यायालयानं तो काढायला लावला होता. अपिलात महिन्याभरात काही बदलांसह परत ठेवायची परवानगी मिळाली, पण तोवर त्या मुलाची काय गत झाली असेल!

खोट्या व्हिडिओनं एखाद्याचा धंदा बसतो, हेही मान्य. एवढंच मान्य.

आणि "खरं असलं की झालं" असं म्हणणाऱ्यांनी ऐका. नुकसानभरपाईच्या दाव्यात सत्य सिद्ध झालं की सुटका. फौजदारीत मात्र सत्यासोबत लोकहितही दाखवावं लागतं. भेसळीबद्दल सावध करणं लोकहितातच बसेल, पण "मालकाचं लग्न असं झालं, त्याचा भाऊ तसा" हे त्याच व्हिडिओत कशाला? तेवढ्या दोन वाक्यांनी पोरानं स्वतःची बाजू पातळ केली.

संध्याकाळी त्याला चहा पाजला, जरा शांत झाला. पोर मनानं चांगलं आहे, पैसे घेऊन कुणाची स्तुती करत नाही. उत्तर मी देणार आहे. मूळ व्हिडिओ, तारीख, पैसे भरल्याचा मोबाईलवरचा मेसेज, सगळं जपून ठेवायला सांगितलंय. "विष" आणि कुटुंबाबद्दलची वाक्यं कापून व्हिडिओ नव्यानं टाकायचा, पाण्याची चाचणी तशीच ठेवायची. पाकीट पुन्हा घ्यायचं, या वेळी बिलासकट आणि दुकानदाराला सांगून. दुसऱ्या पाकिटाच्या अहवालानं पहिल्याचं काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे, पण काय निघतं ते कळायलाच हवं.

तुमच्यापैकी ज्यांनी विश्रामबागच्या ग्रुपवर हा व्हिडिओ "विषारी हळद, सगळ्यांना पाठवा" असं लिहून पुढं ढकललाय, त्यांनी ती ओळ आज रात्रीच काढा. ते वाक्य तुमचं आहे, भाच्याचं नाही, आणि पुढची नोटीस त्याच वाक्यावर तुमच्या नावानं येऊ शकते.