साहेबांचा हुरडा

"काय कुलकर्णी, रविवारी काय करताय?"

साहेबांनी हा प्रश्न विचारला की माझ्या तोंडातून आपोआप "काही नाही सर" बाहेर पडतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीची ही सवय आहे. आणि इथेच डाव हरलेला असतो. आमंत्रण पुढे ठेवण्याआधी माणूस मोकळा आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ही साहेब लोकांची जुनी पद्धत. बरोबरीच्या माणसाला आपण "का रे?" असं उलट विचारू शकतो. साहेबांना "का हो?" विचारायला छाती लागते, आणि ती मी भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत मोजून दिली, त्यानंतर वापरलेली नाही.

"मग या शेतावर. हुरडा आलाय. सहकुटुंब."

साहेबांचं शेत श्रीगोंद्याकडे, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर. हुरडा मला आवडतो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला करंटा म्हणाल. गोवऱ्यांच्या आगटीतून काढलेलं ज्वारीचं कणीस, तोंडात टाकला की गोड चीक सोडणारा दाणा, सोबत लसणाची चटणी आणि वर ताक. ह्याच्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते मागच्या वर्षीच्या रविवाराशी.

मागच्या वर्षी पहाटे सहाला जीप दारात आली. पुढे साहेब, मागे आम्ही सहा जण आणि साहेबांच्या विहिरीसाठी घेतलेला एक पंप. शेतावर पोचल्यावर हुरडा लगेच मिळतो असा माझा समज होता. आधी शेत बघावं लागतं. विहीर बघितली. मग त्या विहिरीला पाणी कसं लागलं ते ऐकलं. मग ठिबकच्या नळ्या बघितल्या, त्यातली चोंदलेली नळी कोणती ते ओळखण्याची एक छोटी परीक्षा झाली, आणि आंब्याच्या बत्तीस कलमांपैकी प्रत्येकापुढे थांबून "वा!" म्हणालो. अठराव्या कलमापासून माझा "वा" कोरडा पडायला लागला होता. लेखाशाखेतल्या एका पोराने एकोणिसाव्याला "वा" म्हणायचं विसरल्यावर साहेबांनी त्याच्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

दीडला आगटीपाशी बसलो. हुरडा सालगडी चोळून देतो, आपण खायचा असतो. पण साहेब म्हणाले, "स्वतः चोळल्याशिवाय चव कळत नाही." निखाऱ्यातून काढलेलं कणीस दोन तळहातांत धरून पटकन चोळायचं, मग दाणे सुपात घेऊन पाखडायचे. सालगड्याच्या तळहाताला घट्टे होते. माझ्या तळहाताला पंचवीस वर्षं फक्त बॉलपेन लागलेलं. मी कणीस उचललं, सोडलं, परत उचललं, आणि फुंकर कणसावर मारू की हातावर, ह्याचा निर्णय होईपर्यंत साहेबांनी तीन कणसं चोळली होती. सोमवारी कार्यालयात दोन्ही हातांच्या फोडांसह मी जावक नोंदवहीत सही केली. ती सही बँकेने नाकारली असती.

तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वर्षी नाही. पण ठरवणं आणि नाही म्हणणं ह्यांत जानेवारी आडवा येतो. आमच्या खात्यात एकतीस मार्चला वर्ष संपतं आणि गोपनीय अहवाल लिहिले जातात. हुरड्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. हे दोन हंगाम असे शेजारी-शेजारी कुणी ठेवले, ते मला विचारायचंय. साहेब काही वाईट नाहीत, हुरड्याला न आलेल्याच्या अहवालावर ते कधी लाल शेरा मारणार नाहीत. पण "बरा" आणि "उत्तम" ह्यांच्या मध्ये जी बारीकशी जागा असते, तिथे एखादं कणीस आडवं पडू शकतं.

ह्या वर्षीचं आमंत्रण आलं त्या सोमवारी मी पहिला हात मारला. "सर, रविवारी पाहुणे येतायत."

"किती?"

"दोघं." घाबरलेला माणूस आकडा कमी सांगतो.

"मग घेऊन या की! जीपमध्ये जागा आहे. शहरातल्या पाहुण्यांना असलं कुठं बघायला मिळतं?"

पाहुणे मुंबईहून येणार आहेत असं सांगितलं असतं, तर साहेबांनी दुसरी गाडी काढली असती. कारणाची मेख इथे आहे. कारण असं हवं की ऐकणाऱ्याला त्यात मदत करता येऊ नये. मराठी माणसाला दुसऱ्याच्या अडचणीत मदत करायची भारी हौस, आणि साहेब असेल तर तिला वाहनाचीही जोड असते.

मग मी दुसरा हात मारला, आणि हा मला फार हुशारीचा वाटला होता. "सर, ह्या रविवारी नाही, पण पुढच्या नक्की." ह्यात माझा हिशेब होता. हुरड्याचा दाणा कोवळा असतो तो आठवडाभरच. तेवढ्यात चीक आटतो, दाणा टणक होतो, आणि मग त्याची भाकरी होते, हुरडा होत नाही. म्हणजे पुढच्या रविवारी शेतावर जोंधळा असेल, हुरडा नसेल, आणि मी निर्दोष सुटेन. शेतीचं एवढं ज्ञान मला मागच्या वर्षी साहेबांनीच दिलं होतं.

साहेब हसले. खुर्चीतून पुढे आले. "कुलकर्णी, मी टप्प्याटप्प्याने पेरलंय. पंचवीस सप्टेंबर, दहा ऑक्टोबर, पंचवीस ऑक्टोबर. शंभरेक दिवसांनी हुरडा धरायला येतो. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत दर पंधरवड्याला ताजा. तुम्ही निवडा कुठला टप्पा."

एका गोष्टीबद्दल मी त्यांना मानतो. जिल्ह्याची अख्खी फाईल अशी टप्प्याटप्प्याने निघाली असती, तर आमचं नाव झालं असतं.

"प्रयत्न करतो सर," मी म्हणालो. आणि ती तिसरी चूक. "बघू" हा आपल्याकडचा सर्वात सभ्य नकार. शेजाऱ्याला "बघू" म्हटलं की तो समजून जातो. पण साहेबांना "बघतो" म्हणता येत नाही, कारण बघणं हे साहेबांचं काम. अर्ज साहेब बघतात, रजा साहेब बघतात. हाताखालच्याने म्हणायचं ते "प्रयत्न करतो," आणि वरच्याच्या कानाला त्याचा अर्थ "येतो" असा लागतो. संध्याकाळी यादीत माझ्या नावापुढे खूण झालेली मी स्वतः बघितली. खाली लिहिलं होतं, "कुलकर्णी व कुटुंब, ४ + २ पाहुणे." नसलेल्या पाहुण्यांच्याही गोवऱ्या मोजून झाल्या होत्या.

घरी बायको म्हणाली, "सरळ नाही म्हणून सांगा." तिच्या माहेरी सगळे व्यापारी, त्यांना वरिष्ठ हा प्रकार माहीत नाही.

शेवटी आमच्या हेडक्लार्क बाईंना शरण गेलो. बाई सहा साहेबांच्या हाताखाली टिकल्या आहेत, आणि सहापैकी एकाच्याही घरच्या सत्यनारायणाला, डोहाळजेवणाला वा गाण्याच्या बैठकीला गेलेल्या नाहीत. तरी प्रत्येक साहेबाने बदली होताना त्यांनाच पेन भेट दिलं. बाईंनी डबा उघडला, मला एक थालीपीठ दिलं आणि विचारलं, "कारण किती दिलीत?"

"दोन."

"दोन कारणं दिली की दोन्ही खोटी ठरतात. एकच द्यायचं. आणि ते खरं असलं पाहिजे."

"पण खरं कारण काहीच नाही. मला घरी लोळायचंय."

"मग एक खरं कारण करा," बाई म्हणाल्या, आणि लोणच्याची फोड चावली. "असं काम घ्या जे रविवारीच होतं, ज्यात तुमच्याशिवाय चालत नाही, आणि ज्यात साहेबांना हात लावावासा वाटणार नाही. मग गुरुवारी, जेवणानंतर, स्वतः जाऊन सांगा. ग्रुपवर टाकू नका. गुरुवारनंतर सांगाल तर गोवऱ्या आणलेल्या असतात, मग राग गोवऱ्यांचा असतो पण निघतो तुमच्यावर. आणि नकारानंतर लगेच उठू नका. हुरडा कुठल्या वाणाचा आहे ते विचारा."

त्या रात्री मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. पाण्याची टाकी धुवायची तीन महिने राहिली होती, कारण धुणाऱ्यांवर देखरेख करायला कुणी सभासद तयार नव्हता. मी म्हणालो, "रविवारी मी उभा राहतो." सेक्रेटरींनी माझे दोन्ही हात धरले. निवडणुकीलाही माझ्यासाठी एवढं कुणी भावुक झालं नव्हतं.

गुरुवारी अडीचला आत गेलो. "सर, माफ करा. रविवारी सोसायटीची टाकी धुवायची आहे. बेचाळीस घरांचं पाणी त्या दिवशी बंद, आणि जबाबदारी माझ्यावर आली आहे. येता येणार नाही."

साहेब गप्प झाले. मदतीची संधी शोधत असावेत. पण टाकीच्या तळाशी बसून ब्रश मारण्यात मदत करायला साहेबांची जीप उपयोगाची नसते. "बरं," ते म्हणाले. त्या "बरं"मध्ये थोडी हळहळ होती, पण राग नव्हता.

मी उठलो नाही. "सर, ह्या वर्षी वाण कुठला लावलाय?"

साहेबांचा चेहरा उजळला. पुढची चाळीस मिनिटं मी गुळभेंडी आणि सुरती ह्यांच्या दाण्यातला फरक, राहुरीच्या विद्यापीठाने हुरड्यासाठीच काढलेला 'फुले उत्तरा', आणि पक्ष्यांपासून कणसं राखायची रीत हे सगळं ऐकलं. जाऊन आलो असतो तर एवढं ऐकायला शंभर किलोमीटर लागले असते. बाहेर आलो तेव्हा बाईंनी न बोलता चहाचा कप पुढे सरकवला.

रविवारी सकाळी सात ते दुपारी तीन मी गच्चीवर होतो. धुणारे दोघे ठरल्याप्रमाणे आले, पण त्यातला एक झाकणातून आत उतरल्यावर म्हणाला, "साहेब, शेवाळ फार आहे, खराटा धरायला आणखी एक माणूस पाहिजे." बेचाळीस घरांतून उतरायला मीच उरलो. गुडघाभर गाळात, डोक्यावर टॉर्च बांधून, भिंत घासताना मला आगटीचा वास येत होता. तो तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी वांगी भाजत होतं त्याचा होता. दुपारी ग्रुपवर फोटो आले. साहेबांच्या पुढ्यात सूप, आणि आमचे लोक कलमांपुढे रांगेत. ह्या वर्षी कलमं चाळीस झाली होती, मी मोजली.

सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर एक मोठी पिशवी होती, हिरव्या कणसांनी भरलेली.

"तुमच्या नावचा. पाहुण्यांचाही वेगळा काढलाय. घरी भाजा. गॅसवर नाही, शेगडीवर. आणि स्वतः चोळा."

मी हात पुढे केला. खराट्याने दोन्ही तळहातांवर फोड आलेले होते.

साहेबांनी ते बघितले. कौतुकाने मान हलवली. "काम केलंत बुवा. सगळ्या सोसायटीसाठी." मग कॅलेंडरकडे वळले. "दुसरा टप्पा पुढच्या पंधरवड्यात. टाकी सहा महिन्यांनी एकदाच धुतात ना?"

"हो सर," मी म्हणालो. आपोआप बाहेर पडलं.